मुक्ताचा इमोजी वाढदिवस: प्रकल्प नोंदी

शनिवार, २२ जून २०२४

मुक्ताला १७ जुलैला आठ वर्षं पूर्ण होतात. गेल्या वर्षी ऐनवेळी धावपळ झाली होती, म्हणून यंदा वही घातली आहे.

थीम तिने स्वतः ठरवली, आणि कारण ऐकून मला नाही म्हणता आलं नाही. आयफोनवर कॅलेंडरचा जो इमोजी आहे त्यावर १७ जुलै ही तारीख छापलेली असते. अमोलच्या फोनवर तिला ती दिसली आणि तिची खात्री पटली की हे तिच्याच वाढदिवसाबद्दल आहे. खरं कारण असं की ॲपलने त्यांचं कॅलेंडरचं सॉफ्टवेअर २००२ साली १७ जुलैला जाहीर केलं होतं, म्हणून चित्रात ती तारीख आली. त्या चित्रावरूनच २०१४ पासून १७ जुलै हा जागतिक इमोजी दिन म्हणून पाळला जातो. अमोलने हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या वाढदिवसाला जगभर इमोजी डे असतो." संपला विषय.

पहिली अडचण सासूबाईंनी पंचांग बघून सांगितली. यंदा १७ तारखेला आषाढी एकादशी आहे. घरात दोघांचा उपास, शेजारी निम्म्या जणांचा. मी म्हटलं, मुलांना काय, केक चालेल. त्या म्हणाल्या, "एकादशी अन् दुप्पट खाशी हे माहीत आहे, पण क्रीमचा केक म्हणजे जरा जास्तच होतं." पार्टी शनिवारी, २० तारखेला ठरली. रविवार गुरुपौर्णिमेचा, तो नकोच.

मुलं १४, मोठे ९. जागा घरच्या हॉलमध्येच.

मंगळवार, २५ जून

कोणते चेहरे घ्यायचे यावर दोन संध्याकाळी गेल्या. मुक्ताच्या यादीत एकतीस होते. मी तिला सांगितलं की दारातून आत आल्यावर, म्हणजे साधारण दहा फुटांवरून, जो ओळखता येईल तोच ठेवायचा. कागदावर स्केचपेनने काढून दारापाशी उभं राहून बघितलं, आणि बरेच आपोआप गळले. भुवया थोड्या वाकड्या, तोंड थोडं तिरकं असले बारीक फरक फोनवर कळतात कारण फोन हातात असतो. भिंतीवर ते सगळे एकच चेहरा होतात.

उरले पाच: मोठं हसणारा 😀, बदामाच्या डोळ्यांचा 😍, गॉगलवाला 😎, डोळा मिचकावून जीभ काढणारा 😜 आणि हसून हसून रडणारा 😂. पाचही दुरून वेगळे कळतात, कारण प्रत्येकाचा एक अवयव ठळक आहे.

सहावा 💩. त्यावर वाटाघाटी झाल्या. सासूबाईंनी चित्र बघून विचारलं, "हा चॉकलेटचा मोदक का?" मुक्ता हसून जमिनीवर लोळली, पण खरं काय ते कोणीच सांगितलं नाही. तो भिंतीवर नाही, एका फुग्यावर काढायचा, असं ठरलं. आजींसाठी तो मोदकच.

शनिवार, २९ जून

क्रॉफर्ड मार्केटला जाऊन आले. पावसात डोंबिवलीहून सीएसएमटी म्हणजे अर्धा दिवस, पण केकचं सामान आणि कार्डशीट एकाच फेरीत मिळतात.

दुकानदाराने तयार इमोजी सेट दाखवला: थर्मोकोलचे गोल चेहरे, प्लॅस्टिकच्या काड्यांवरचे फुगे, पातळ फ्लेक्सचा बॅनर. थर्मोकोलची सजावट आणि फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या या दोन्हींवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही त्याच यादीत. मी विचारलं तर तो म्हणाला, "ताई, जुना माल आहे." असेल. बंदी बाजूला ठेवली तरी त्या सेटमधले चेहरे मला आवडले नाहीत. डोळे फार वर होते. त्याबद्दल पुढे लिहिते.

आणलं ते असं: पिवळे ए-फोर कार्डशीट २० (अर्धे चुकतील हे धरून), काळा, लाल, पांढरा घोटीव कागद, दहा इंची पिवळे फुगे ५०, हातपंप, काळे परमनंट मार्कर २, जेल कलर लेमन यलो आणि ऑरेंज, डार्क कंपाउंड चॉकलेटची अर्धा किलोची लादी. व्हिपिंग क्रीम गोठवलेलं असतं, ते गाडीत वितळलं असतं. ते इथूनच घेईन.

मंगळवार, २ जुलै

आज फक्त एक चेहरा केला, आणि त्यात दीड तास गेला.

इमोजी काढायला सोपा वाटतो. वर्तुळ, दोन डोळे, एक तोंड. पहिला चेहरा मी अंदाजाने काढला आणि तो गणिताच्या मास्तरांसारखा दिसायला लागला. बराच वेळ कळेना काय चुकतंय. शेवटी फोनवरचा इमोजी मोठा करून त्यावर पट्टी ठेवली. मी डोळे कपाळात काढत होते. खऱ्या इमोजीत डोळे वर्तुळाच्या मध्यरेषेच्या थोडेसेच वर असतात, उंचीला जास्त आणि रुंदीला कमी असतात, आणि एकमेकांपासून बरेच लांब असतात. मोठं कपाळ, खाली आणि दूर बसलेले डोळे, म्हणजे बाळाच्या चेहऱ्याचं गणित. डोळे वर सरकले की बाळ जातं आणि मास्तर येतात.

माप आता पक्कं केलं. ए-फोर कागदाची लांबी २९.७ सेंटिमीटर, म्हणून १४ सेंटिमीटरचं वर्तुळ घेतलं तर एका कागदात दोन बसतात. स्टीलची एक ताटली अगदी त्या मापाची निघाली. त्या वर्तुळात डोळा १.६ रुंद आणि २.४ उंच, त्याचा मध्य चेहऱ्याच्या मध्यापासून २.४ बाजूला आणि १ वर. तोंड मध्याच्या १ खाली सुरू, ८ रुंद, साडेतीन खोल. गॉगल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साडेदहा.

जाड पुठ्ठ्यावर हे कापून साचा केला. मुक्ता आता साचा ठेवून पेन्सिल फिरवते आणि मी कापते. मापं वहीत लिहिली कारण हाच साचा केकला लागणार. केक २० सेंटिमीटरचा, म्हणजे प्रत्येक माप साधारण १.४३ पट: साडेदहाचा गॉगल पंधराचा होतो.

शुक्रवार, ५ जुलै

निमंत्रणाचा पहिला मसुदा. मुक्ताची अट होती की एकही शब्द नको, सगळं इमोजीत. तिने केलेला असा:

👧🎂8️⃣ 📅2️⃣0️⃣ 🕔 🏠 🍕🎈🎁 👫❓

मी तो कुठलंही स्पष्टीकरण न देता नणंदेला पाठवला. तिचं उत्तर: "२० तारखेला पिझ्झा आम्ही घेऊन यायचा का? आणि लग्न कोणाचं?" 👫 बघून तिला जोडपं वाटलं. मुक्ताला म्हणायचं होतं "मुलं-मुली सगळे येणार ना?" शिवाय २० तारीख कोणत्या महिन्याची, पाच सकाळचे की संध्याकाळचे, हे कुठेच नाही. आणि 🎁 घातल्यामुळे आपणच भेट मागितल्यासारखं झालं, ते वेगळंच.

मग सासूबाईंनी त्यांचा मसुदा सांगितला: "आमच्या येथे श्रीकृपेकरून चि. मुक्ता हिच्या आठव्या वाढदिवसानिमित्त..." मी हसले खरी, पण त्यांच्या मसुद्यात वार, तिथी, वेळ, स्थळ, निमंत्रक सगळं जिथल्या तिथे होतं. पत्रिकेची ही जुनी चाल फार विचार करून बनलेली आहे, हे मला आज पहिल्यांदा जाणवलं. सांगाडा त्यांचा घ्यायचा, चेहरे मुक्ताचे.

रविवार, ७ जुलै

केकची तालीम. आणि ती सपशेल फसली, म्हणून तपशिलात लिहिते.

स्पंजची काळजी नव्हती. अंड्याशिवायचा माझा नेहमीचा: मैदा २८० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा एक डबा, वितळलेलं लोणी १२० ग्रॅम, बेकिंग पावडर दोन चमचे, सोडा एक चमचा, व्हॅनिला, आणि साधारण दीडशे मिली पाणी. आठ इंची दोन डब्यांत, १८० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं. आज अर्ध्या मापाने एकच केला.

फसले ते डोळे. मी काळ्या फॉन्डंटचे केले. पिवळ्या क्रीमवर लावले, सुंदर दिसले, फोटो काढला, केक फ्रीजमध्ये ठेवला. संध्याकाळी बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि दहा मिनिटांत डोळ्यांवर घाम आला. वीस मिनिटांत काळे ओघळ पिवळ्या गालांवरून खाली. काजळ फिस्कटलेली नवरी. मुक्ता म्हणाली, "आई, हा रडणाराच झाला."

कारण उघड आहे, मला आधी सुचायला हवं होतं. जुलैत आपल्याकडची हवा पाण्याने भरलेली. थंड वस्तू बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, जसं थंड पाण्याच्या तांब्यावर धरतं. फॉन्डंट म्हणजे साखर. ती ते पाणी ओढून घेते, चिकट होते, आणि तिच्यातला काळा रंग पाण्यात विरघळणारा असल्यामुळे पाण्याबरोबर वाहतो. हिवाळ्यात किंवा एसी हॉलमध्ये कदाचित निभावलं असतं.

पर्याय म्हणजे कंपाउंड. त्यात चरबी असते, दव धरलं तरी रंग सुटत नाही. बटर पेपरखाली साचा ठेवून वितळलेलं कंपाउंड कोनाने त्यावर काढायचं, फ्रीजमध्ये दहा मिनिटं, सोलून घ्यायचं. खऱ्या चॉकलेटसारखं ते ठरावीक तापमानात खेळवावं लागत नाही, नुसतं वितळवून चालतं. फक्त एकही पाण्याचा थेंब आत जाता कामा नये, नाहीतर त्याचा क्षणात रवाळ गोळा होतो. बदामाच्या लाल डोळ्यांचा विचार इथेच सोडला: कंपाउंडला तेलात मिसळणारा वेगळा रंग लागतो, माझ्याकडचा जेल घातला असता तर तोच गोळा झाला असता.

म्हणून केकचा चेहरा 😎. गॉगल काळाच असतो, आणि डोळ्यांची जागा एखादा मिलिमीटर चुकली तरी गॉगलखाली लपते.

दुसरी चूक रंगाची. नुसता लेमन यलो ट्यूबलाइटखाली हिरवट दिसला, कावीळ झाल्यासारखा. टूथपिकच्या टोकावर येईल एवढा ऑरेंज घातल्यावर तो इमोजीचा पिवळा झाला. पातळ रंग वापरू नये, क्रीम सैल पडतं.

सोमवार, ८ जुलै

रात्रभर पाऊस, मध्य रेल्वे कोलमडलेली. अमोल घरी. त्याला कात्री दिली. वीस चेहरे कापून झाले, प्रत्येक प्रकारचे चार. 😂 चे अश्रू निळ्या घोटीव कागदाचे हवे होते आणि निळा आणायला मी विसरले होते. जुन्या वहीच्या कव्हरचे केले.

बुधवार, १० जुलै

निमंत्रण पक्कं झालं. आधी एक चाचणी: आमच्या घरच्या चार फोनांवर पाठवून बघितलं. बरं झालं. मी शेवटी हातांच्या बदामाचा 🫶 टाकला होता. तो २०२१ साली इमोजींच्या यादीत आला, सासूबाईंचा फोन त्याआधीचा. त्यांना तिथे नुसता चौकोन दिसला. "हे काय भरायचंय का?" त्यांना वाटलं फॉर्मची रिकामी जागा आहे. तो काढून जुना ❤️ ठेवला.

दुसरं, चित्र पाठवायचं की मजकूर? चित्रात चेहरे सगळ्यांना सारखे दिसतात, मजकुरात प्रत्येक कंपनीच्या फोनवर थोडे वेगळे. पण चित्रातला पत्ता रिक्षात बसून कोणाला कॉपी करता येत नाही आणि तारीख शोधून सापडत नाही. म्हणून दोन्ही. वर भिंतीवरच्या चेहऱ्यांचा फोटो, खाली हा मजकूर:

> आमच्या येथे श्रीकृपेकरून
> चि. मुक्ता आठ वर्षांची होत आहे 😎
>
> शनिवार, २० जुलै २०२४
> संध्याकाळी ५ ते ७.३०
> आमच्या घरी (पत्ता खाली)
>
> घरात वीस पिवळे चेहरे हसत बसले आहेत 😀😂😜 पण त्यांना खेळता येत नाही, म्हणून तुम्ही हवे आहात.
>
> केक अंड्याशिवायचा आहे, त्यात दूध आणि मैदा आहे. मुलाला खाण्यातलं काही चालत नसेल तर नक्की कळवा.
> कृपया आहेर आणू नये. येताना स्वतःचा सगळ्यात विचित्र चेहरा करून दाराची बेल वाजवावी.
>
> येणार असाल तर मुलाचं नाव लिहून पाठवा, सोमवारपर्यंत.
>
> माझ्या वाढदिवसाला नक्की यायचं हं! ❤️
> मुक्ता

शेवटची ओळ लग्नपत्रिकेतल्या "आमच्या मामाच्या लग्नाला" वरून. मुक्ताला ती माहीत नव्हती. सासूबाईंनी कपाटातून जुनी पत्रिका काढून दाखवली तेव्हा तिने हट्टाने घालायला लावली. इमोजी एकूण पाच, आणि त्यातला एकही काढला तरी मजकुराचा अर्थ बदलत नाही. हे मी मुद्दाम एकदा वाचून तपासलं.

शनिवार, १३ जुलै

"मुलाचं नाव लिहून पाठवा" असं स्पष्ट लिहूनही आलेली उत्तरं: नावं पाच, 👍 चार, 🙏 तीन, 😍 एक, काहीच नाही एक.

👍 म्हणजे "वाचलं" की "येतो"? 🙏 तर त्याहून कठीण. एका आईचा 🙏 म्हणजे "धन्यवाद, येतो", दुसरीचा "क्षमस्व", आणि तिसरीचा नुसता नमस्कार, कारण वर "श्रीकृपेकरून" लिहिलं होतं. केकचा आकार आणि गॉगल किती करायचे हे यावर अवलंबून, त्यामुळे सरळ फोन केले. 🙏 वाल्यांपैकी दोघं येणार, एक गावी जाणार. 👍 वाले चारही येणार. 😍 पाठवणाऱ्यांनी निमंत्रण वाचलंच नव्हतं, फोटो आवडला होता. ते येणार. गप्प राहिलेलेही येणार. एकूण तेरा.

पुढच्या वेळी "येणार असाल तर १, नसाल तर २" असं लिहीन. रुक्ष वाटेल, पण कळेल.

बुधवार, १७ जुलै

खरा वाढदिवस. एकादशी आणि मोहरमची सुट्टी. सकाळी औक्षण केलं. साबुदाण्याच्या खिचडीवर दोन भाजलेले दाणे डोळे म्हणून आणि खोबऱ्याची चकती तोंड म्हणून ठेवली. मी डोळे वर ठेवले होते. मुक्ताने बोटाने खाली सरकवले आणि मग खाल्ली.

शुक्रवार, १९ जुलै

स्पंज दुपारी भाजले, गार करून गुंडाळून ठेवले. ताज्या स्पंजला कापताना चुरा फार पडतो, एक रात्र मुरला की सुरी सरळ जाते.

कंपाउंडचा मोठा गॉगल केला, तीन मिलिमीटर जाड. एक जास्तीचा करायला हवा होता, केला नाही. शिवाय मुक्तासकट चौदा छोटे गॉगल, दोन बोटं रुंद. कारण गोल केक कापला की एकाच्या वाट्याला गॉगल येतो, दुसऱ्याला नुसता गाल, आणि मग भांडणं. आता प्रत्येकाच्या तुकड्यावर एक. कागदाला लागलेली बाजू गुळगुळीत आणि चमकदार निघते, तीच वर ठेवायची. गॉगल दोन्हीकडून सारखा म्हणून प्रश्न आला नाही. पण कोणी डोळा मिचकावणारा चेहरा असा केला तर उलटल्यावर दुसराच डोळा मिटलेला असेल, साचा आधीच उलटा ठेवावा लागेल.

रात्री फुगे. यात एक गोष्ट शिकले. दहा इंची फुगा पूर्ण फुगवला की पेरूसारखा होतो, खाली निमुळता. थोडा कमी, साडेआठ इंचांपर्यंत ठेवला तर बराच गोल राहतो. पुठ्ठ्यात त्या मापाचं भोक पाडलं आणि प्रत्येक फुगा त्यातून जाईल एवढाच ठेवला. तरी गाठ हनुवटीला लोंबतच होती. मग अमोलला सुचलं की गाठ खाली ठेवायचीच कशाला? गाठ भिंतीकडे वळवायची आणि तिच्या बरोबर समोरच्या टोकावर, म्हणजे फुग्याच्या माथ्यावर चेहरा काढायचा. समोरून बघितलं तर नेमकं वर्तुळ दिसतं, निमुळतेपणा मागे लपतो. सगळा फरक त्याने पडला.

मार्कर फुगवल्यानंतरच चालवायचा. आधी काढून फुगवला तर रेषा ताणून फिकट राखाडी होते. टोक दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. दोन फुगे असे गेले, एक थेट माझ्या तोंडासमोर. काढल्यावर मिनिटभर वाळू द्यायचं, नाहीतर हाताला लागून गालावर काळं पसरतं. आणि खिडकीजवळ लावू नयेत. उन्हाने रबर विटतं, चकाकी जाऊन मखमलीसारखं मळकट दिसतं. सध्या ऊन आहे कुठे म्हणा.

तीस झाले. त्यातला एक मोदक.

शनिवार, २० जुलै

सकाळी साडेदहाला लाईट गेली, आणि क्रीम नुकतंच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळायला ठेवलेलं होतं. पंचवीस मिनिटांत आली. क्रीम अजून बर्फाच्या कणांसकट होतं, तसंच असताना फेटावं लागतं. पूर्ण वितळून कोमट झालं की ते कितीही फेटा, उभं राहत नाही.

दोन स्पंज, मध्ये साखरेचं पाणी आणि क्रीम, बाहेरून पिवळं. वजन दीड किलोच्या आसपास भरलं. तोंड लावलं आणि केक फ्रीजमध्ये. गॉगल साडेपाचला, मेणबत्ती लावायच्या आधी लावायचा, असं ठरवलं होतं.

साडेपाचला बटर पेपरवरून उचलताना तो मधल्या दांडीवर मोडला. खोलीत तेरा मुलं केकची वाट बघत उभी. दांडी हा सगळ्यात बारीक भाग, तो रुंद ठेवायला हवा होता. एक छोटा गॉगल वाटीत घालून गरम पाण्यावर धरला, वितळलेलं दांडीच्या मागून लावलं, दोन मिनिटं फ्रीजरमध्ये. जोड दिसत नव्हता. पण छोटे गॉगल आता तेराच, म्हणून मुक्ताने मोठ्यातली एक काच घेतली.

भिंतीवर वीस चेहरे, मध्ये फुग्यांचा गुच्छ. चेहरे लावायला मी मास्किंग टेप वापरली होती, भिंतीचा रंग सुटला नाही. पण पावसाळी दमट भिंतीवर चार चेहरे पार्टी चालू असतानाच पडले. दर वेळी एखादा पडला की मुलं तसाच चेहरा करून दाखवायची. हा खेळ आम्ही ठरवलेला नव्हता.

ठरवलेला खेळ म्हणींचा होता: कार्डावर इमोजी, ओळखायची म्हण. 🐒✋🔥 (माकडाच्या हाती कोलीत) सगळ्यात आधी सुटली. 🐪🤓 वर बराच वेळ गेला. उंटावरचा शहाणा एकालाही माहीत नव्हता. शेवटी एका आजोबांनी सांगितला आणि मग त्याची गोष्टही सांगितली. 💃❌📐 ला एक मुलगा म्हणाला, "भूमितीच्या तासाला नाचू नये."

केक पुरला. तुकडे त्रिकोणी न कापता उभ्या-आडव्या रेषांनी चौकोनी कापले, तेवीस सहज निघाले आणि वर थोडा उरला. गॉगलवर दव धरलं होतं, पण ओघळ एकही नाही.

मंगळवार, २३ जुलै

भिंतीवरचे काढले. सोळा चेहरे धड आहेत, फाईलमध्ये ठेवले. साचाही.

फुगे मुक्ता काढू देत नाही. हवा हळूहळू कमी होतेय आणि रबर आक्रसतंय तशी मार्करची रेषा बारीक आणि गडद होत चालली आहे, डोळे एकमेकांजवळ सरकताहेत. आज सकाळी 😀 चे डोळे इतके जवळ आले होते की तो पहिल्या दिवशीच्या मास्तरांसारखा दिसत होता. मोदक मात्र सुरकुतल्यावर जास्तच खरा वाटायला लागला आहे. सासूबाईंनी आज तो जवळून बघितला, चष्मा लावून, आणि मग मुक्ताकडे बघितलं.